डाएट प्लॅन हवा आहे, जरा लवकर

जाईजुई
नमस्कार मंडळी. कुणाकडे चांगला डाएट प्लॅन आणि घरच्या घरी करता येईल असा व्यायाम असेल तर इथे द्या. तीन महिन्यांत फरक दिसायला हवा. महागडं काही नको, घरातल्या जिन्नसांत बसेल असं सांगा. आधीच धन्यवाद.

रानवारा
सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. रात्रीचं जेवण सातच्या आत. साखर, मैदा आणि भात पूर्ण बंद. ज्वारीची भाकरी मात्र पोटभर खा, तिने काही होत नाही. मी हेच केलं आणि जुन्या पँटी पुन्हा होऊ लागल्या.

सॅमी_आखाडा
ताई, प्रोटीन वाढवल्याशिवाय काही होणार नाही. सकाळी चार अंडी, दुपारी चिकन. व्यायामात प्लँक, क्रंचेस आणि घरात पाण्याचा वीस लिटरचा कॅन असेल तर तो उचलून स्क्वॉट. तीन महिन्यांत पोट आत जाणार, लिहून घ्या.

डोंबिवलीकर
दीक्षित सरांची पद्धत करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. खर्च शून्य. आमच्या इमारतीत निम्मे लोक करतात, जिन्यात भेटले की एकमेकांना "तुमचं झालं का?" विचारतात.

पानगळ
मलाही हवाय प्लॅन. मुलगी दीड वर्षाची आहे, अजून अंगावर पिते. थायरॉइडची गोळी चालू आहे. वजन हलतच नाही. रानवारा, मी भात बंद करू का?

स्मिता_आहार
जाईजुई, प्लॅन नक्की कुणासाठी हवाय? वय काय, तीन महिन्यांत कसला फरक हवाय, सध्या दिवस कसा जातो, काय खाल्लेलं चालत नाही आणि कुठली गोळी चालू आहे का? हे कळल्याशिवाय मी तरी काही लिहिणार नाही. वरचे तिन्ही सल्ले एखाद्याला लागू पडतील आणि दुसऱ्याला दवाखान्यात नेतील. मी जिल्ह्याच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा खोदून विचारतेय.

पानगळ, भाताचं नंतर बघू. आधी थायरॉइडची गोळी कधी आणि कशासोबत घेता ते सांगा.

जाईजुई
अहो ताई, साधा प्लॅन मागितला तर एवढी चौकशी? रानवारांनी कसं पटकन सांगितलं. घरातली गोष्ट सगळ्यांसमोर किती लिहायची? तरी सांगते. माझ्यासाठी नाही, आमच्या ह्यांच्यासाठी हवाय. वय ५१, वजन ८४. ते माळकरी आहेत, त्यामुळे अंडी-चिकनाचं नावही घरात निघत नाही. शुगर आहे.

सॅमी_आखाडा
ओके, अंडी कॅन्सल. सोया चंक्स आणि पनीर घ्या. बाकी व्यायाम तोच.

डोंबिवलीकर
शुगर आहे म्हणता, मग तर दोन वेळचं जेवण उत्तमच. माझ्या मामांच्या गोळ्या सुटल्या त्याने.

स्मिता_आहार
जाईजुई, रागावू नका. तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढ्यानेच अर्धं चित्र बदललं. आता दोनच गोष्टी सांगा. गोळीच्या पाकिटावर लहान अक्षरात औषधाचं नाव असतं ते, आणि तीन महिने का? काही कारण असणार.

जाईजुई
पाकीट बघून लिहितेय. ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी, सकाळी नाश्त्याआधी. रात्री नुसती मेटफॉर्मिन.

तीन महिन्यांचं कारण म्हणजे जांघेतला हर्निया. ऑपरेशन करायचंय, पण एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.१ आला. सर्जन म्हणाले, ८ च्या खाली आणा, मग तारीख देतो. वजन कमी व्हावं असं कुणी म्हटलेलं नाही, पण झालं तर बरंच.

सॅमी_आखाडा
हर्निया? ताई, मग माझा व्यायाम अजिबात करू नका. प्लँक नाही, क्रंचेस नाही, तो कॅन तर मुळीच नाही. वजन उचलताना श्वास रोखला की पोटावरचा दाब वाढतो आणि नेमका त्याच जागी जोर येतो. हे आधी कळलं असतं तर लिहिलंच नसतं.

रानवारा
भाकरी तर चालेल ना? शुगरवाल्यांना ज्वारीच देतात.

स्मिता_आहार
रानवारा, ज्वारी पांढऱ्या तांदळापेक्षा बरी, कारण तिच्यात चोथा भरपूर असतो. पण "पोटभर" हा शब्द काढून टाका. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम पिष्टमय भाग असतो. आपल्याकडची एक मोठी भाकरी सहज ऐंशी ग्रॅम पिठाची होते, म्हणजे दोन भाकऱ्यांत शंभराच्या वर गेलो. शरीर त्याचीही साखरच करतं, जरा सावकाश करतं एवढंच. चुलीवरच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर पिठलं खाऊन "मी भात सोडलाय" म्हणणारे माझ्याकडे रोज येतात.

जाईजुई, आता मला त्यांचा दिवस सांगा. किती वाजता उठतात, गोळी घड्याळात किती वाजता, त्यानंतर काय खातात. अगदी चहासुद्धा.

जाईजुई
ते चाकणला कंपनीत आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दिवसपाळीला सकाळी गोळी घेऊन पोहे किंवा उपमा, डबा, रात्री नऊला जेवण.

रात्रपाळी अकरा ते सात असते. घरी यायला आठ वाजतात. आल्यावर गोळी घेतात, मग चहा आणि दोन खारी, आणि झोपतात. उठतात ते तीनला, तेव्हा जेवण. मग रात्री नऊला परत जेवून निघतात. मध्ये कंपनीत काय खातात ते मला माहीत नाही, विचारते.

स्मिता_आहार
रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेत घाम येतो का हो त्यांना? उठल्यावर डोकं जड, चिडचिड, हात थरथरणं?

जाईजुई
हो! तुम्हाला कसं कळलं? पंखा जोरात असला तरी बनियन ओलं असतं. बऱ्याचदा बारा-साडेबाराला धडपडत उठतात, लाडू नाहीतर गूळ खातात आणि परत झोपतात. मला वाटायचं उकाडा आणि जागरण.

स्मिता_आहार
हे उकाड्यामुळे होत असेल असं मला वाटत नाही. साखर खाली जात असावी. यंत्रावर बघितल्याशिवाय खात्रीने म्हणता येणार नाही, पण सगळं तिकडेच बोट दाखवतंय.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलं की नाही हे ती बघत नाही. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या भरपेट जेवणासोबत घ्यायची असते. तुमच्याकडे रात्रपाळीला "नाश्त्याआधी" ही सूचना शब्दशः पाळली जातेय, पण तो नाश्ता दोन खारींचा आहे आणि त्यानंतर सात तास पोटात काही नाही. नुसती मेटफॉर्मिन असती तर एवढी काळजी नव्हती, ती एकटी सहसा साखर धोकादायक खाली नेत नाही.

आता वरचे सल्ले या माणसावर ठेवून बघा. सातच्या आत जेवला असता तर रात्रभर यंत्रावर उभं राहून सकाळी उपाशीपोटी गोळी. दोनदाच जेवला असता तर मधली फट आणखी लांब. पद्धतीला मी नावं ठेवत नाहीये, पण ही गोळी आधी बदलून घ्यावी लागते.

तर आज करायचं ते एवढंच. घरात साखर तपासायचं यंत्र नसेल तर आणा. घाम येऊन उठले की लगेच बोटावर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढीच. वर आली की मग काहीतरी खाऊ घाला. लाडू, पेढा नको, तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धी करू नका. डॉक्टरांना फोन करून "रात्रपाळीला गोळी घेऊन ते उपाशी झोपतात" हे एक वाक्य सांगा. त्यांना बहुधा पाळीचं माहीतच नसेल.

डोंबिवलीकर
पण ताई, साखर खाली जात असेल तर एचबीएवनसी ९ कसा? तो तर कमी यायला हवा. आणि माझ्या मामांना काही झालं नाही, तेही गोळी घेत होते.

स्मिता_आहार
चांगला प्रश्न. एचबीएवनसी सरासरी दाखवतो. दिवसातला एक तास ५५ आणि बाकीचे तास २५० असले तरी सरासरी वरच राहणार. शिवाय खाली गेल्यावर माणूस हाताला येईल ते गोड खातो, मग तीच साखर उसळते. वजन वाढण्यामागेही हे असू शकतं.

तुमच्या मामांची गोळी कुठली होती, आणि जेवणं कमी केल्यावर डॉक्टरांनी ती आधी कमी केली की नंतर, हे विचारून सांगा.

डोंबिवलीकर
विचारलं. आधी कमी केली होती, दर आठवड्याला रीडिंग पाठवायचे. हे मला माहीत नव्हतं. तरी पद्धत चांगली आहे या मतावर मी ठाम आहे.

पानगळ
माझं राहिलंच. गोळी सकाळी दुधाच्या चहासोबत घेते. आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही तेव्हाच, म्हणजे विसरायला नको.

स्मिता_आहार
पानगळ, वजन हलत नाही त्याचं एक कारण इथेच असू शकेल. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याने, आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. असं दीड-दोन महिने करून टीएसएच तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगावर पाजताय तोवर भात बंद वगैरे करू नका. पुढचं बोलायला वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

आण्णा_वारकरी
मीही माळकरी. जाईजुई ताई, यजमान एकादशी धरतात का? त्याचं कुणी विचारलं नाही.

जाईजुई
धरतात हो आण्णा. महिन्यातल्या दोन्ही. साबुदाण्याची खिचडी, रताळं, दूध. आषाढीला चहासुद्धा घेत नाहीत.

रानवारा
उपास तर चांगलाच की. पोटाला विश्रांती.

स्मिता_आहार
साबुदाण्याचा उपास म्हणजे विश्रांती नव्हे, रानवारा. त्यात पिष्ट सोडून जवळजवळ काही नसतं, प्रथिनं नावाला. खिचडीत शेंगदाण्याचा कूट सढळ घातला तर थोडा आधार. त्यापेक्षा राजगिऱ्याची छोटी भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, काकडी असं धरता येईल. भगर चालते, पण वाटीने मोजून. आणि काहीच न खाण्याची एकादशी या गोळीवर करू नये, असं माझं स्पष्ट मत.

आण्णा_वारकरी
मत ठीक आहे, पण ज्याने तीस वर्षं आषाढीला पाणी तेवढं घेतलं त्याला तुम्ही आमटी खा म्हणालात तर तो ऐकणार नाही, वर गोळीही लपवेल. माझ्या थोरल्या भावाने तसंच केलं होतं. त्याला घरच्यांनी नाही, दिंडीतल्या म्हाताऱ्या महाराजांनी समजावलं. ते म्हणाले, आजाऱ्याला फराळाची मुभा आहे, नाम घेणं सुटू देऊ नकोस. तेव्हा कुठे ऐकलं. ताई, ह्यांना ज्यांचा शब्द चालतो त्यांच्याकडून सांगा.

स्मिता_आहार
आण्णा, हे मला सुचलं नसतं. आणि ऐकलंच नाही, तर निदान एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळीचं ठरवून ठेवा.

जाईजुई
कालचं सांगते. यंत्र आणलं. साडेबाराला उठले, घामेजलेले. ५६! हात कापत होता माझाच. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ९१. मग भाकरी-भाजी वाढली. संध्याकाळीच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, तुमची पाळी बदलते हे मला कधी बोलला नाहीत. एकत्र गोळी बंद करून वेगवेगळ्या दिल्या. ग्लिमेपिराइड आता १, रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी तीनच्या जेवणासोबत, दिवसपाळीला सकाळच्या खाण्यासोबत. मेटफॉर्मिन चालू.

आणि कंपनीत काय खातात तेही कळलं. रात्री अडीचला दोन वडापाव. चहा रात्रभरात चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. एकदा साडेचारला तपासायला लावलं तर २८४.

स्मिता_आहार
उत्तम केलंत. आता तुमचा पहिला प्रश्न, प्लॅन, त्याला हात घालता येईल.

चहातली साखर म्हणजे आठ चमचे, चाळीसेक ग्रॅम. ती आधी काढा, चहा राहू दे. एकदम फिका जात नसेल तर दोन कप कमी करा आणि उरलेल्यांत अर्धा-अर्धा चमचा, मग तोही सोडा.

दुसरं, अडीचचं खाणं. वडापावाच्या जागी डबा. एक लहान भाकरी, साधारण ४० ग्रॅम पिठाची, सुकी उसळ दोन वाट्या, काकडी-मुळा. रात्री नऊच्या आणि दुपारी तीनच्या ताटात अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट वरण-उसळ-पनीर यातलं काही, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. भात आवडत असेल तर भाकरीऐवजी खा, दोन्ही नको.

तिसरं, सकाळी आठला झोपण्याआधी नुसता चहा-खारी नको. वाटीभर दही किंवा ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, किंवा मुगाचं एक धिरडं.

व्यायाम म्हणून प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं. हर्निया आहे तोवर एवढंच, बाकीचं सर्जनना विचारून. बद्धकोष्ठ आणि खोकला दोन्ही सांभाळा, कुंथण्याने दाब येतो. जांघेतली गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या झाल्या तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालयात.

चाकण_फिटर
मी रात्रपाळी करतो म्हणून सांगतो. उसळ अडीचपर्यंत उन्हाळ्यात आंबते, लॉकरजवळ भट्टीसारखी उष्णता असते. आमच्यात लोक फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि कोरडी भाकरी नेतात. पातळ काही नाही. आणि वडापाव भुकेने कमी, सोबतीने जास्त खाल्ला जातो. सगळे टपरीवर जातात तेव्हा एकटा डबा उघडून बसणं जड जातं. एकाला तरी सोबत घ्या, मग जमतं.

सॅमी_आखाडा
फुटाणे भारी. किती ग्रॅम घ्यायचे? आणि सोया चंक्स टाकूनच ठेवा, प्रोटीन जितकं जास्त तितकी शुगर कमी.

स्मिता_आहार
फिटर, डब्याचं बरोबर आहे, फुटाणेच घेऊ. दोन मुठी.

सॅमी, "जितकं जास्त तितकं" इथे नाही. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन बघितल्याशिवाय मी प्रथिनं वाढवा म्हणणार नाही. शुगर जुनी असेल तर मूत्रपिंडाला त्रास सुरू झालेला असू शकतो आणि बाहेरून काही कळत नाही. जाईजुई, ही तपासणी झालीय का?

जाईजुई
क्रिएटिनिन १.१ आहे, रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहिलंय. लघवीची ती तपासणी कधी केलीच नाही. या आठवड्यात देते.

रानवारा
लिंबू-मधाचं काय ठरलं?

डोंबिवलीकर
रानवारा, लिंबू ठेवा, मध काढा. एवढं तर आता मीही शिकलो.

जाईजुई
दोन आठवडे झाले म्हणून लिहितेय. दुपारचा घाम थांबला. साडेचारचं रीडिंग बहुतेक १९० च्या आसपास येतं, एकदा २४० आलं त्या रात्री कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. वजन तेवढंच आहे. हे विचारतात, एचबीएवनसी आत्ता परत करून बघू का? लघवीत अल्ब्युमिन थोडं वाढलेलं आलंय, डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांत परत तपासू, बीपीही बघू.

स्मिता_आहार
आत्ता केलात तर जुन्या आठवड्यांचाच हिशेब त्यात येईल आणि उगाच खट्टू व्हाल. गोळी बदलल्यापासून तीन महिन्यांनी करा. १९० अजून जास्तच आहे, पण दिशा बरी आहे. त्या वेळी ८ च्या खाली येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. नाही आला तर औषध बदलावं लागेल, तो निर्णय डॉक्टरांचा.

अल्ब्युमिनमुळे सोया चंक्स आणि पावडरी बाजूला. रोजचं वरण, उसळ, दही-ताक मात्र कमी करू नका, तेवढं हवंच. मीठ, पापड, लोणचं आवरा.

सॅमी_आखाडा
मी पावडर म्हटलं नव्हतं! पण ठीक.

चाकण_फिटर
ताई, पुढच्या आठवड्यात त्यांची कुठली पाळी? गोळीची वेळ पाळीप्रमाणे बदलणार म्हणता, तर पाळी बदलण्याच्या दिवशी काय करायचं? आमच्यात रविवारी सकाळी सुटून सोमवारी सकाळी परत हजर व्हावं लागतं.

जाईजुई
अगं बाई, हे तर डॉक्टरांना विचारलंच नाही. उद्या फोन करते आणि काय म्हणाले ते इथे लिहिते.